बाळ दूध टाकतंय: कधी कपडा बदलायचा आणि कधी गाडी काढायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खानापुरात माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी ओळीनं चार-पाच बाळं येतात. आईच्या खांद्यावर दुपटं, दुपट्यावर दुधाचा डाग आणि मागून आज्जीचं ठरलेलं वाक्य, ‘बाई, पेलेलं सगळं ओकतंय बघा.’ त्यातल्या बहुतेकांना मी औषध न देता परत पाठवते आणि ती मंडळी थोडी नाराज होऊनच जातात. क्वचित एखाद्या बाळाला मात्र त्याच पावली बेळगावला पाठवावं लागतं. या दोघांत फरक कसा ओळखायचा, तेवढंच इथं लिहिलंय. प्रश्न तुमचेच आहेत.

दोन महिन्यांचं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा दूध टाकतं. असं चालतं का?

बाळ आवडीनं पितंय, मधल्या वेळात हसतंय, वजन वाढतंय, तर चालतं.

अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूचं एक कडं असतं. झबल्याची नाडी ओढली की गळा कसा आवळतो, तसं ते काम करतं. गिळताना सैल होतं, एरवी आवळलेलं राहतं. तान्ह्या बाळात हे कडं गिळणं चालू नसतानाही मधूनच सैल पडतं. मोठ्या माणसातही पडतं, पण आपण उभे असतो आणि जेवण घट्ट असतं. बाळाचं पोट लहान, आहार सगळा पातळ, त्यात दिवसभर आडवं. मग दूध वर येतं आणि ओठाच्या कडेनं ओघळतं. यात कुठला आजार नाही.

हे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं आणि चौथ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं. त्या वयाची निम्म्याहून जास्त बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. बाळ बसायला लागलं, भाताची पेज आणि वरण सुरू झालं की कमी होत जातं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. म्हणजे तिसऱ्या महिन्यात जास्त आणि चौथ्यात आणखी जास्त झालं, तर ते बिघडत चाललंय असं समजू नका, तो त्या वयाचा चढ आहे.

गुळणी आणि उलटी यात फरक काय?

गुळणी आपोआप येते. बाळाला ती आल्याचं कळतही नाही. ढेकरेबरोबर घोटभर दूध येतं, कधी नाकातून येतं आणि बाळ पुन्हा पंख्याकडं बघत बसतं. उलटीत पोट जोर लावतं. बाळाचा चेहरा बदलतो, पोट आवळतं, अंग ताठ होतं आणि दूध बाहेर ढकललं जातं. एखाददुसरी उलटी कुठल्याही बाळाला होते. प्रत्येक पाजण्यानंतर जोराची उलटी होत असेल तर तो प्रश्न वेगळा, त्याकडं पुढं येते.

पण इतकं दूध बाहेर येतं, पोटात राहतं तरी काय?

हा प्रश्न आला की मी टेबलावर दुपटं पसरते आणि पोहे खायच्या मोठ्या चमच्यानं एक चमचा पाणी त्यावर ओतते. पंधरा मिलिलिटर पाणी कापडात पसरून हाताच्या पंजाएवढा डाग होतो. आज्जी बघतात आणि म्हणतात, ‘एवढंच व्हय?’ एवढंच. पोटातून आलेल्या दुधात लाळ आणि जठराचा रसही मिसळलेला असतो, म्हणून डाग आणखी मोठा दिसतो. डागाच्या आकारावरून पोटात काय राहिलं हे कळत नाही. ते वजनाच्या काट्यावर कळतं.

टाकलेलं दूध दह्यासारखं फाटलेलं असतं. आईचं दूध बाधलं का?

नाही. जठरातल्या आम्लानं दूध फाटणारच. पाजल्यापाजल्या आलं तर पातळ येतं, अर्ध्या तासानं आलं तर कवड्या पडलेल्या दह्यासारखं.

वजन नीट वाढतंय हे घरी कसं बघायचं?

सगळ्या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. दहा टक्क्यांपर्यंतची घट चालते आणि ती दोन आठवड्यांत भरून यायला हवी. तिथून तिसऱ्या महिन्यापर्यंत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम वाढ धरायची. तीन ते सहा महिन्यांत ती दिवसाला १५ ते २० ग्रॅमवर येते. हा मंदावलेला वेग बघून खूपजण घाबरतात आणि नेमकी तेव्हाच गुळणीही शिगेला असते. मग दोन्ही गोष्टी जोडल्या जातात. त्यांचा एकमेकींशी संबंध नसतो.

तायी कार्डावर वजन लिहिलेलं असतं, पण ते कसं केलं ते बघा. माझ्याकडं आलेल्या एका बाळाचं वजन अंगणवाडीत दहा दिवसांत ३०० ग्रॅम वाढलं आणि माझ्याकडं एका दिवसात १८० ग्रॅम उतरलं. घरचे रडकुंडीला आले. मग कळलं की तिकडं बारशाचे चांदीचे वाळे, मनगट्या, करगोटा, लोकरीचं टोपरं आणि ओला लंगोट धरून वजन झालं होतं. बाळाला पूर्ण उघडं करा, दरवेळी त्याच काट्यावर ठेवा, जमल्यास पाजण्याआधी. आणि रोज करू नका. रोजच्या आकड्यात एक शी आणि दोन शूंचाच हिशेब निघतो. आठवड्यातून एकदा पुरे.

काटा जवळ नसेल तर लंगोट मोजा. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, शू फिकट असेल, तर दूध पोटात जातंय. तीन-चारच लंगोट ओले होत असतील आणि शू गडद पिवळी असेल तर त्याच दिवशी दाखवा.

पिचकारीसारखी उलटी होते म्हणजे नेमकं काय?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातलं सांगते. जांबोटीच्या पलीकडच्या एका वाडीतलं बाळ. पहिलं बाळंतपण, आई माहेरी आलेली, मुलगा, वय पाच आठवडे आणि दोन दिवस. पहिले तीन आठवडे उत्तम गेले होते. मग दूध टाकायला लागला. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोन्हीकडं ‘गॅस आहे’ म्हणून थेंब दिले होते. आई थेंबांच्या बाटल्या दाखवत होती. तेवढ्यात आज्जी म्हणाली, ‘बाई, हे टाकत न्हाई, फेकतंय. काल कुडावर जाऊन पडलं. आणि फेकलं की लगेच तोंड वासतंय, पुन्ना द्या म्हणतंय.’

या दोन वाक्यांत अर्धं निदान होतं. उरलेलं अर्धं तायी कार्डावर होतं. एकविसाव्या दिवशी ३ किलो २०० ग्रॅम. माझ्याकडं सदतिसाव्या दिवशी, उघडं करून, ३ किलो १५० ग्रॅम. सोळा दिवस, दिवसाला किमान २५ ग्रॅम धरले तर ४०० ग्रॅम वाढायला हवे होते, म्हणजे ३ किलो ६०० च्या घरात. उलट ५० ग्रॅम उतरले होते. आदल्या दिवसभरात तीनच लंगोट ओले झाले होते आणि शी दोन दिवस नव्हती. घरच्यांना वाटलं बद्धकोष्ठ झालाय. खरं तर आतड्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

मी आईला तिथंच पाजायला सांगितलं, पोटावरचं कापड काढलं आणि बाजूनं बॅटरीचा उजेड पाडला. काही मिनिटांनी डाव्या बरगडीखालून एक उंचवटा उठला आणि चामडीखाली लिंबू सरकावं तसा हळूहळू उजवीकडं गेला. पुन्हा उठला, पुन्हा गेला. मग बाळानं चेहरा वाकडा केला आणि दूध माझ्या टेबलाच्या पलीकडच्या कडेला जाऊन पडलं. पांढरं दूध, हिरवा रंग अजिबात नाही. उलटी झाल्यावर पोट सैल असताना बेंबीच्या वर, जरा उजवीकडं, बोटांना सुक्या बोराएवढी टणक गाठ लागली.

या आजाराला पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात. जठरातून आतड्यात जायचं जे दार असतं, त्याचा स्नायू जाड होत जातो आणि वाट अरुंद होते. जठर जोर लावून ढकलतं, पुढं जात नाही म्हणून मागं फेकतं. दूध दाराच्या अलीकडंच अडलेलं असल्यानं त्यात पित्त मिसळत नाही, म्हणून उलटी पांढरी. पोट रिकामं होतं म्हणून बाळ लगेच भुकेलं. हा जन्मताच दिसत नाही. साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात उभा राहतो, मुलींपेक्षा मुलांत जास्त आणि पहिल्या बाळात जास्त. वरचेवर दिसणारा आजार नाही, पण चुकवून चालत नाही.

बेळगावात सोनोग्राफी झाली. स्नायूची जाडी ३ मिलिमीटर किंवा जास्त असली की आजार धरतात, याची साडेचार होती. मग घरच्यांचा फोन आला, जरा चिडलेलाच, ‘निदान झालंय तर ऑपरेशन का करीत न्हाईत?’ हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं. सतत उलट्या झाल्यानं जठरातलं आम्ल बाहेर गेलेलं असतं, त्याबरोबर क्लोराइड आणि पोटॅशियम उतरतं. तशा अवस्थेत भूल दिली तर नंतर बाळाचा श्वास थांबू शकतो. म्हणून आधी सलाईननं रक्त ताळ्यावर आणायचं, मग ऑपरेशन. या बाळाला त्यासाठी दीड दिवस लागला. ऑपरेशनात जाड झालेला स्नायू लांबीनं चिरून सैल करतात, आतलं अस्तर तसंच ठेवतात. रामश्टेट या जर्मन सर्जननं १९१२ साली मांडलेली ही पद्धत आजही तीच आहे. काही तासांत थोडं थोडं दूध सुरू झालं, चौथ्या दिवशी बाळ घरी. आठवड्यानं परत आलं तेव्हा आई म्हणाली, ‘बाई, अजून टाकतंय की!’ बघितलं तर ओठाच्या कडेनं ओघळलेलं घोटभर दूध. वजन २६० ग्रॅमनं वाढलेलं. मी तिला टेबलावर दुपटं पसरून दाखवलं.

उलटी हिरवी झाली. बाकी बाळ ठीक दिसतंय. सकाळपर्यंत थांबू का?

थांबू नका. या पानावर इतर ठिकाणी मी ‘दाखवा’ म्हटलंय, इथं ‘निघा’ म्हणते.

हिरवा रंग पित्ताचा. पित्त जठराच्या पुढं, आतड्यात उतरतं. ते उलटीत आलं याचा अर्थ वाट त्याच्याही पुढं कुठंतरी अडली असण्याची शक्यता आहे. पहिल्या महिन्यात सगळ्यात भीती असते ती आतडं पिळलं जाण्याची. काही बाळांची आतडी पोटात नेहमीच्या जागी नीट बसलेली नसतात. अशी आतडी आपल्याच देठाभोवती वळतात, ओल्या कपड्याला पीळ द्यावा तशी, आणि रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत आतडं मरायला लागतं. सुरुवातीला पोट मऊच असतं, बाळ फारसं आजारी दिसत नाही, म्हणून माणसं थांबतात. पोट फुगणं, शीमध्ये रक्त येणं, बाळ थंड पडणं ही सगळी उशिराची लक्षणं. हिरवी उलटी झालेल्या प्रत्येक बाळात हे निघतंच असं नाही, पण ते नाही हे तपासणीनंच ठरतं, घरी बघून नाही.

हिरवा म्हणजे कसला? वाटलेल्या पालकासारखा, शेवाळासारखा. पहिल्या दोन-तीन दिवसांत चिकाचं दूध पिवळं असतं, ते टाकलं तर उलटी पिवळट दिसते. शंका असेल तर कपडा धुऊ नका, पिशवीत घालून सोबत आणा. मोबाईलचा रात्रीचा फोटो रंग बदलून दाखवतो, कापड खोटं बोलत नाही. आणि निघताना पाजू नका. ऑपरेशन लागलंच तर पोट रिकामं असलेलं बरं.

दुधात रक्ताची रेघ दिसली.

आधी आईची बोंडशी बघा. भेगा पडल्या असतील तर बाळ आईचंच रक्त गिळतं आणि दुधाबरोबर बाहेर टाकतं, ते निरुपद्रवी आहे. भेगा नसतील, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं तपकिरी येत असेल, तर लगेच दाखवा.

आणखी कशाला घाबरायचं?

तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आणि उलटी दोन्ही असतील तर ते पोटाचं दुखणं समजू नका. लघवीचा संसर्ग आणि मेंदूज्वर दोन्ही या वयात उलटीचंच रूप घेतात. बाळ शांत असताना टाळू फुगलेली दिसणं, बाळ उठवूनही नीट न उठणं, पाजताना दरवेळी निळं पडणं, पोट टमटमीत फुगणं, यातलं एकही असलं तरी त्याच दिवशी, खरं तर त्याच तासाला.

वयही बघा. पहिले सहा महिने दूध कधीच टाकलं नाही आणि सातव्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या, तर ती गुळणी नव्हे. दीड वर्षानंतरही रोज टाकत असेल तर तेही तपासायला हवं.

पाजल्यावर काय केलं की कमी होतं?

वीस-तीस मिनिटं उभं धरा, छाती खांद्याला टेकवून. ढेकर आलीच पाहिजे असा हट्ट नको. पाठीवर जोरात थापट्या मारत बसलं की ढेकरेबरोबर दूधही येतं. मांडीवर बसवताना बाळ पुढं दुमडलं तर पोटावर दाब येतो, तेव्हा पाठ सरळ राहील असं धरा.

आंघोळीची वेळ मात्र नक्की बदला. आपल्याकडं न्हाऊ घालणाऱ्या मावशी येतात त्या वेळेला बाळ रडतं म्हणून आधी पाजून गप्प करतात. मग पायावर पालथं घालून पाठ चोळतात, पोट चोळतात आणि न्हाणीत सगळं दूध बाहेर. मालीश पाजण्याआधी किंवा पाजून तास-दीड तासानं. मावशींना एक आणखी सांगा, नाकात तेल सोडू नका आणि पाय धरून उलटं लोंबकळवू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि न्युमोनिया होतो.

अंगावर पिणाऱ्या बाळाची पकड बघा. फक्त बोंडशी तोंडात असेल तर बाळ हवा गिळतं. काळ्या भागाचा बराचसा हिस्सा तोंडात जायला हवा.

बाटली किंवा बोंडल्यानं वरचं दूध पाजत असाल तर मोजून बघा. दिवसाला किलोमागं साधारण १५० मिलिलिटर लागतं. चार किलोच्या बाळाला ६०० मिलिलिटर, आठ वेळा विभागलं तर एका वेळी ७५. माझ्याकडं याच वजनाची बाळं दरवेळी १२० पिऊन येतात, कारण ‘बाटली संपवली पाहिजे’. वरचे ४५ बाहेर आले तर त्यात बाळाचा दोष काय?

पालथं किंवा कुशीवर झोपवलं तर दूध घशात अडकणार नाही ना?

उलट आहे. उताणं झोपलेल्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्याखाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला चढ चढावा लागतो. पालथं घातलं की श्वासनलिका खाली येते. शिवाय पालथं झोपवलेल्या बाळांत झोपेतच अचानक मृत्यू येण्याचा धोका जास्त असतो. म्हणून दूध टाकणारं बाळही उताणंच, सपाट आणि टणक अंथरुणावर झोपवायचं. डोक्याखाली उशी नको. झोळीत बाळ अर्धवट दुमडलं जातं, हनुवटी छातीला टेकते. जागं असताना थोडा वेळ हलवलं तर ठीक, पण पाजून लगेच झोळीत नको आणि रात्रभर तर नकोच.

झोपेत दूध नाकातोंडात आलं तर बाळाला कुशीवर वळवा, तोंड पुसा, बस. बाळ निळं पडलं आणि रडूही शकत नसेल, तर हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापट्या द्या आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा.

बाळगुटी, ग्राइप वॉटर, मध?

आज्ज्यांशी माझं याच प्रश्नावर भांडण होतं. वेखंड, मुरडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळून दिलं की बाळ शांत होतं हे खरं आहे, पण जायफळानं गुंगी येते म्हणून शांत होतं. किती वेढे उगाळले, किती पोटात गेलं, याला माप नाही. त्यात सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू जातात, मग खरोखरच्या जुलाब-उलट्या लागतात. गुळणी गुटीनं थांबत नाही, कारण ती पचनाची तक्रारच नाही. ग्राइप वॉटरचंही तेच. मध वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नको. त्यातून बोट्युलिझमचे जंतू जातात आणि बाळ लुळं पडू शकतं.

मग डॉक्टर थेंब का देतात?

कधी खरंच गरज असते. बऱ्याचदा घरचे औषधाशिवाय उठायला तयार नसतात म्हणून. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत दिलेत, हे कबूल करते.

आपल्याकडं डॉम्पेरिडोनचे थेंब खूप चालतात. गुळणी त्यानं कमी होते असा भक्कम पुरावा नाही आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवण्याचा धोका आहे. ब्रिटनमध्ये २०१९ साली बारा वर्षांखालच्या मुलांच्या उलटी-मळमळीसाठी त्याचा वापर थांबवायला सांगितलं गेलं. दुसरा प्रकार आम्ल कमी करणाऱ्या औषधांचा, ओमेप्राझोल वगैरे. त्यानं दुधातलं आम्ल कमी होतं, दूध वर येणं तसंच राहतं. आणि जठरातलं आम्ल जंतू मारायचं काम करत असतं, ते कमी केलं की जुलाब आणि न्युमोनिया वाढतात. युरोप-अमेरिकेच्या बालपोटविकार संघटनांनी २०१८ साली एकत्र काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की एरवी निरोगी बाळाच्या गुळणीसाठी ही औषधं नकोत.

गरज असते ती अन्ननलिकेला खरोखर सूज आली असेल तेव्हा. बाळ पाजताना पाठ कमानीसारखी ताणून किंचाळतं, प्यायचं नाकारतं, वजन अडतं. तेव्हाही मी आधी गाईच्या दुधाची अॅलर्जी आहे का ते बघते, कारण ती हुबेहूब असंच रूप घेते. शीमध्ये शेम किंवा रक्त, अंगावर कोरडं खरखरीत पुरळ असेल तर संशय वाढतो. अशा वेळी आईनं दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा पूर्ण बंद करून बघायचं. कुंदा आणि पेढेही त्यात आले, माहेरून आलेले असले तरी. फरक पडला नाही तर पथ्य सोडायचं. अंगावरचं दूध मात्र तोडायचं नाही.

आईनं एरवी काही पथ्य करावं का?

नाही. भात, डाळ, वांगं, शेंगदाणे, सगळं खावं. आईच्या जेवणातल्या ‘वातुळ’ भाजीनं बाळ दूध टाकत नाही.

घरात कुणी बिडी ओढत असेल तर?

धुरानं अन्ननलिकेचं ते कडं आणखी सैल पडतं. निपाणीकडच्या घरांत मी हे आधी विचारते. खोलीबाहेर ओढून आलेल्या माणसाच्या सदऱ्यातूनही धूर आत येतो, तेव्हा बाळाला घेण्याआधी सदरा बदलायचा.

रात्री मोठ्या दवाखान्यात पोचलो, समोर सगळे कन्नड बोलणारे. काय सांगायचं?

घाबरलेल्या माणसाला येणारी भाषाही आठवत नाही, म्हणून हे कागदावर लिहून तायी कार्डात ठेवा. हिरवी उलटी होत असेल तर पहिलं वाक्य हेच: ‘कूसु हसिरु वांती माडाकत्तैती’. ‘हसिरु’ म्हणजे हिरवं. नुसतं ‘वांती’ म्हटलं तर रांगेत बसवतील, ‘हसिरु’ म्हटलं की उठतील. मग बाळाचं वय दिवसांत, शेवटची शू किती वाजता झाली आणि शेवटची दोन वजनं तारखेसह. सोबत तो न धुतलेला कपडा आणि आतापर्यंत दिलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या, गुटी दिली असेल तर तेही न लाजता. कणकुंबी-जांबोटीकडून पावसात निघणार असाल तर १०८ ला फोन करतानाच जवळचा फाटा आणि रस्ता कुठं खचलाय ते सांगा, आणि गाडी यायच्या आत बाळाला कोरडं करून आईच्या अंगाशी धरा, वाटेत ते गार पडता कामा नये.